घरातल्या प्रौढ मांजरासाठी कोरडे, ओले की मिश्र खाद्य : निवड कशी करावी

कोरडे की ओले हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे लागते : आपले मांजर सध्या दिवसाला किती ग्रॅम खाते? आमचा बंड्या पाच वर्षांचा, नसबंदी केलेला, सदनिकेच्या दाराबाहेर पाऊल न टाकणारा बोका. त्याचे वजन 5.3 किलो भरले, तेव्हा पशुवैद्यांनी हाच प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. वाडगा रिकामा दिसला की भरायचा, एवढाच आमचा हिशेब होता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून 150 ग्रॅम दाणे वाडग्यात ओतले आणि चोवीस तासांनी उरलेले पुन्हा मोजले. 62 ग्रॅम उरले होते, म्हणजे बंड्याने 88 ग्रॅम खाल्ले होते. हा आकडा जास्त की कमी, हे कळायला मात्र आणखी दोन आकडे हवे होते : त्याची दिवसाची गरज आणि त्या दाण्यांमधली ऊर्जा.

हा लेख निरोगी, एक वर्षावरील आणि घरातच राहणाऱ्या मांजरांपुरता आहे. पिल्ले, गाभण मांजरी आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेली मांजरे यांचा आहार पशुवैद्यांनीच ठरवावा.

पहिली पायरी : दिवसाची गरज काढणे

पशुवैद्यकात वापरले जाणारे सूत्र फोनच्या कॅल्क्युलेटरवरही सुटते. मांजराचे योग्य वजन किलोत घ्यावे, त्याला त्याच संख्येने दोनदा गुणावे, उत्तराचे वर्गमूळ काढावे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि शेवटी 70 ने गुणावे. हाती येतात त्या विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या किलोकॅलरी. यात योग्य वजन धरायचे आहे, आजचे नव्हे. फासळ्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या सहज लागाव्यात आणि वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर दिसावी, अशा स्थितीतले वजन ते योग्य वजन. बंड्याच्या बाबतीत पशुवैद्यांनी ते 4.6 किलो धरले. 4.6 ला दोनदा 4.6 ने गुणले की 97.3 येतात, त्याचे वर्गमूळ 9.87, त्याचे वर्गमूळ 3.14 आणि त्याची सत्तर पट सुमारे 220.

नसबंदी झालेल्या मांजरासाठी या आकड्याची साधारण एक ते सव्वा पट ऊर्जा धरतात. दिवसभर खिडकीत बसून कबुतरे न्याहाळणे हाच ज्याचा व्यायाम आहे, त्याच्यासाठी मी एकपटच धरतो आणि वजन उतरू लागले तरच वाढवतो. सूत्राने मिळतो तो फक्त सुरुवातीचा अंदाज. एकाच वजनाच्या दोन मांजरांच्या गरजेत चांगलाच फरक असू शकतो, त्यामुळे पुढची दुरुस्ती काट्यावरूनच करावी लागते.

दुसरी पायरी : पाकिटामागचे आकडे वाचणे

काही पाकिटांवर शंभर ग्रॅममागे किती किलोकॅलरी आहेत ते छापलेले असते, पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर नसते. अशा वेळी प्रथिने, स्निग्ध पदार्थ, तंतू, ओलावा आणि राख यांच्या टक्क्यांची बेरीज शंभरातून वजा करावी. जे उरते ते ढोबळमानाने पिष्टमय पदार्थांचे प्रमाण. राखेचा टक्का दिलेला नसेल तर कोरड्या खाद्यात 8 आणि ओल्यात 2 धरावा. नंतर प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांचे टक्के प्रत्येकी 3.5 ने आणि स्निग्ध पदार्थांचे 8.5 ने गुणून बेरीज केली की शंभर ग्रॅममधली ऊर्जा मिळते.

बंड्याच्या दाण्यांत प्रथिने 32, स्निग्ध पदार्थ 14, तंतू 3, ओलावा 10 आणि राख 8 टक्के होती, म्हणून पिष्टमय पदार्थ 33 टक्के उरले. हिशेब जवळजवळ 350 किलोकॅलरींवर आला. म्हणजे 88 ग्रॅम दाण्यांतून त्याला रोज 308 किलोकॅलरी मिळत होत्या आणि गरज 220 ची होती. त्याच्या लठ्ठपणाचा दोष दाण्यांच्या कोरडेपणाला देण्याचे कारण उरले नाही. कोरड्या खाद्यात थोड्या आकारात खूप ऊर्जा असते आणि भरलेला वाडगा चोवीस तास समोर असतो, या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते काट्यावर दिसत होते.

पाउचमधल्या ओल्या खाद्यावर प्रथिने 9, स्निग्ध पदार्थ 3, तंतू 1, ओलावा 82 टक्के असे छापले होते. प्रथिने 32 टक्के आणि 9 टक्के अशी समोरासमोर ठेवली की पाउच निकृष्ट वाटतो आणि अनेक जण इथेच फसतात. ओलावा बाजूला काढून तुलना केली की चित्र उलटते : पाउचमधल्या 18 टक्के कोरड्या भागात 9 टक्के प्रथिने, म्हणजे निम्मा भाग, दाण्यांच्या 90 टक्के कोरड्या भागात 32, म्हणजे जेमतेम 36 टक्के. ऊर्जेचे मात्र उलट आहे. 85 ग्रॅमच्या त्या पाउचमध्ये सुमारे 57 किलोकॅलरीच निघतात.

लेबलावरची आणखी एक ओळ या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे. प्रौढ मांजरासाठी हा ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहार आहे, असे तिथे लिहिलेले असले पाहिजे. त्याऐवजी ‘पूरक’ असा शब्द असेल, तर तो माशाचा किंवा कोंबडीचा रस्सा कितीही आवडीने खाल्ला जात असला तरी जेवण म्हणून चालत नाही. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल अन्नातूनच पुरेसे मिळावे लागते. त्याच्या कमतरतेने मांजरांचे हृदय कमजोर होऊन फुगते, हे 1987 साली सिद्ध झाले आणि त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. नुसती उकडलेली कोंबडी आणि भात या जेवणात टॉरिनची खात्री नसते, कॅल्शियम तर जवळजवळ नसतेच. घरातले उकडलेले मांस द्यायचेच असेल तर दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या भागापुरते द्यावे. बंड्यासाठी तो भाग म्हणजे कोंबडीच्या छातीचे सुमारे 13 ग्रॅम शिजलेले मांस, एखाद्या जाड बोटाच्या पेराएवढे. त्यात कांदा-लसूण नसावा, कारण दोन्ही मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी वाटण त्यात मुरलेले असतेच.

तिसरी पायरी : पाण्याचा हिशेब

आपल्या पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर होते. त्यांना बरेचसे पाणी शिकारीच्या शरीरातूनच मिळत असे, कारण उंदराच्या शरीराचा साधारण दोन तृतीयांश भाग पाणीच असतो. त्यामुळे मांजराची तहान मंद असते आणि लघवी दाट करून पाणी वाचवण्याची त्याच्या मूत्रपिंडाची क्षमता मोठी असते. कोरड्या खाद्यावरचे मांजर पाणी जास्त पिते खरे, पण ओल्या खाद्यावर असताना त्याच्या पोटात जाणाऱ्या एकूण पाण्याची बरोबरी सहसा होत नाही. कित्येक मांजरे तशीही आयुष्यभर ठणठणीत राहतात. प्रश्न येतो तो मूत्रमार्गाचा त्रास आधी झालेल्या किंवा होण्याची शक्यता असलेल्या मांजरांचा, आणि त्यांत लठ्ठ, नसबंदी केलेले, घरबसे बोके पुढे असतात, कारण बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते.

मांजर किती पाणी पिते हे मोजण्यासाठी दोन सारखी भांडी घ्यावीत आणि दोन्हींत 300 मिली पाणी भरावे. एक नेहमीच्या जागी ठेवावे, दुसरे शेजारीच पण मांजराला तोंड घालता येणार नाही असे जाळीखाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोजावीत. बंड्याच्या भांड्यात 120 मिली उरले होते आणि जाळीखालच्या भांड्यातून 20 मिली वाफ होऊन गेले होते, म्हणजे तो 160 मिली प्यायला होता. 88 ग्रॅम दाण्यांतले 9 मिली धरून एकूण 169. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ढोबळ 40 ते 60 मिली पाणी धरतात, त्या मानाने हे कमी. सलग तीन दिवस मोजून सरासरी काढावी, एका दिवसावर विसंबू नये. मोजणीच्या काळात नळाखाली किंवा बाथरूमच्या बादलीत तोंड घालणाऱ्या मांजराला तिकडे जाऊ देऊ नये, नाहीतर आकडा फसतो.

याहून सोपी खूण लिटर बॉक्समध्ये मिळते. गोळे बांधणारी वाळू वापरत असाल तर रोजचे गोळे मोजावेत आणि आकार पाहावा. बंड्याचे दिवसाला दोनच गोळे असत, तेही लिंबाएवढे. बोका वारंवार बॉक्समध्ये जाऊन बसतो, ओरडतो, जोर करतो आणि गोळा मात्र दिसत नाही, असे झाले तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठावा. बंद झालेला मूत्रमार्ग एक-दोन दिवसांत जीव घेतो. बद्धकोष्ठता समजून लोक सकाळपर्यंत थांबतात, ती चूक करू नये.

चौथी पायरी : तीन ताटे मांडून पाहणे

आता 220 किलोकॅलरींची निरनिराळी ताटे मांडता येतात. किमतींसाठी मी आमच्या दुकानातला भाव धरतो : दाणे 450 रुपये किलो आणि पाउच 45 रुपये. आपापल्या भावाने हिशेब बदलून घ्यावा.

निव्वळ कोरडे द्यायचे तर 63 ग्रॅम दाणे लागतात. त्यातून पाणी येते जेमतेम 6 मिली आणि महिन्याचा खर्च साडेआठशे रुपयांच्या आसपास होतो. निव्वळ ओले द्यायचे तर जवळजवळ चार पाउच लागतात. अन्नातूनच सुमारे 270 मिली पाणी मिळते, म्हणजे पाण्याचा प्रश्नच संपतो, पण खर्च पाच हजारांच्या वर जातो. या दोन टोकांच्या मध्ये दोन पाउच आणि 30 ग्रॅम दाणे असे ताट बसते. त्यातून अन्नातले पाणी 140 मिली आणि खर्च साधारण 3,100 रुपये. तेही जड वाटत असेल तर एक पाउच आणि 47 ग्रॅम दाणे : पाणी 75 मिली, खर्च सुमारे 2,000 रुपये.

मूत्रमार्गाचा त्रास कधी न झालेल्या, वजन ताब्यात असलेल्या आणि पाणी नीट पिणाऱ्या मांजरीला मोजलेले कोरडे खाद्य पुरते, आणि तसे देणाऱ्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. बोका असेल, वजन वाढलेले असेल किंवा लघवीचे गोळे छोटे असतील, तर निदान निम्मी ऊर्जा ओल्यातून यावी, म्हणजे दोन पाउचचे ताट. एकदा मूत्रमार्ग बंद होऊन गेलेल्या बोक्यासाठी पशुवैद्य बहुधा खास आहार सांगतात. तो चालू असताना नेहमीचा पाउच किंवा दाणे ‘थोडेसेच’ म्हणून मिसळू नयेत, कारण त्या आहारातल्या क्षारांचे काटेकोर प्रमाण तेवढ्यानेही बिघडते. ज्या घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुणीच नसते, तिथे सकाळी आणि रात्री एकेक पाउच आणि दुपारसाठी वेळ लावून उघडणाऱ्या यंत्रात दाणे, ही सोय बरी पडते.

मिश्र आहाराच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते माझ्या मते पैशाच्या हिशेबाइतकेच वजनदार आहे. वर्षानुवर्षे फक्त दाणे खाल्लेले मांजर ओल्या अन्नाला अन्न मानतच नाही. म्हातारपणी मूत्रपिंडाच्या किंवा दातांच्या दुखण्यात ओला आहार सांगितला जातो, तेव्हा ते तोंड फिरवते. दोन्ही पोत ओळखीचे असलेल्या मांजरापुढे ही अडचण येत नाही.

दाण्यांनी दात साफ राहतात, या समजुतीवर मात्र निवड करू नये. साधा दाणा बरेचदा न चावताच गिळला जातो किंवा दाताच्या टोकाशी फुटतो, हिरडीपर्यंत घासला जात नाही. दातांसाठी मुद्दाम बनवलेले मोठे, तंतूमय दाणे काही प्रमाणात उपयोगी पडतात, पण ती वेगळी वस्तू आहे.

पाचवी पायरी : बदल घडवणे

बंड्यासाठी दोन पाउचचे ताट ठरले आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. पहिला पाउच वाडग्यात पाहून त्याने हुंगले आणि पंजाने शेजारची फरशी खरवडून ते झाकण्याचा आविर्भाव केला, जसा लिटर बॉक्समध्ये करतो. उपाशी ठेवले की झक मारून खाईल, हा विचार माणसाच्या मनात येतोच, पण मांजराच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवले नाही तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते. चोवीस तास काहीच पोटात गेले नाही, तर आधीचे खाद्य परत द्यावे आणि पशुवैद्यांना फोन करावा.

म्हणून पहिला आठवडा खाद्य न बदलता फक्त वेळा लावण्यात घालवला. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ अशा तीन वेळी मोजलेले दाणे ठेवायचे आणि अर्ध्या तासाने उरलेले उचलायचे. वाडगा सतत समोर नसला की भुकेला वेळ कळू लागते. दुसऱ्या आठवड्यात दाण्यांच्या शेजारी वेगळ्या बशीत चमचाभर ओले ठेवले. ते फ्रीजमधून थेट काढलेले नसावे. पाउच गरम पाण्याच्या वाटीत पाच मिनिटे ठेवून कोमट केला की वास सुटतो, आणि मांजर चवीच्या आधी वासावर ठरवते. तरीही बंड्या तुकड्यांवरचा रस्सा तेवढा चाटून निघून जाई. तुकड्यांऐवजी लगद्यासारखा पाउच आणला आणि त्यावर दाण्यांचा चुरा भुरभुरला, तेव्हा कुठे बशी रिकामी झाली. पुढे दर तीन दिवसांनी चमचाभर ओले वाढवत आणि त्या प्रमाणात दाणे कमी करत पूर्ण ताटावर यायला पाच आठवडे लागले. खायला चोखंदळ नसलेले मांजर हेच आठ-दहा दिवसांत करते. मध्ये जुलाब झाले तर आधीच्या प्रमाणावर परत जाऊन तिथेच चार दिवस थांबावे.

दाणे पाण्यात भिजवून दिले तर पाउच वाचतील का, असा प्रश्न हमखास येतो. पाणी पोटात जाते हे खरे, पण भिजलेला दाणा उन्हाळ्यात तासाभरात आंबूस वास मारू लागतो, त्यामुळे द्यायचे तर थोडे द्यावे आणि लगेच उचलावे.

साठवण, मुंग्या आणि पावसाळा

उघडलेला पाउच झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये जास्तीत जास्त दोन दिवस ठेवावा. बशीतले ओले खाद्य खोलीच्या तापमानात तासाभराहून अधिक राहू देऊ नये, एप्रिल-मे महिन्यांत तर अर्ध्याच तासाने उचलावे. दाण्यांचे पाकीट मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पिशवीवर तारीख आणि बॅच क्रमांक असतो, आणि डब्याच्या प्लास्टिकला चिकटलेला जुना खवट तेलाचा थर नव्या दाण्यांना लागत नाही. उघडल्यापासून महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढेच पाकीट आणावे. रोज 30 ग्रॅम दाणे लागणाऱ्या घरात तीन किलोची पिशवी शंभर दिवस पुरते, म्हणून ती स्वस्त मिळत असली तरी परवडत नाही. पावसाळ्यात दाणे मऊ पडले, त्यांचा तेलकट खवट वास आला किंवा मांजराने अचानक तोंड फिरवले, तर मांजराचे नाक खरे मानावे आणि पिशवी टाकून द्यावी. पोत्यातून सुटे तोलून मिळणारे दाणे घेऊ नयेत, कारण त्यांना ना लेबल असते ना तारीख. मुंग्यांसाठी आपली जुनी युक्ती कामाची आहे : वाडगा पाण्याच्या थाळीत मधोमध ठेवायचा.

सहावी पायरी : काट्याकडे परत

नवे ताट बसल्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करावे. मांजराला उचलून आपण काट्यावर उभे राहायचे आणि नंतर आपले वजन वजा करायचे, ही पद्धत पन्नास ग्रॅमचा फरक पकडत नाही, म्हणून बाळांचा किंवा किराणा दुकानासारखा सपाट काटा आणि त्यावर मांजराची ओळखीची टोपली असे करावे. वजन उतरवायचे असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा सुरक्षित वेग, म्हणजे बंड्यासाठी 25 ते 50 ग्रॅम. त्याहून वेगाने उतरले तर ताट वाढवावे. महिनाभर काटा हललाच नाही, तर दिवसाच्या दाण्यांतून तीन ग्रॅम कमी करावेत. पाउच कमी करू नये, कारण त्यासोबत पाणीही जाते.

बंड्या चार महिन्यांत 4.7 किलोवर आला. वाळूत आता दिवसाला तीन गोळे असतात आणि ते संत्र्याच्या आकाराकडे झुकलेले. मध्यंतरी पाउचच्या कंपनीने मिश्रण बदलले आणि स्निग्ध पदार्थ 3 चे 5 टक्के झाले. वेष्टन तेच, भाव तोच, पण पाउचमागे जवळपास 10 किलोकॅलरी वाढल्या होत्या आणि दोन पाउचमागे 20, म्हणजे दाण्यांचे सहा ग्रॅम. नवे खोके उघडले की मागची बाजू वाचून वहीत आकडे लिहायचे, हे आता शुक्रवारच्या वाळू-बदलाबरोबर ठरून गेलेले काम आहे.